प्रेमळ सूचनेतला अपमान

वृद्ध निवासातल्या सूचनाफलकावरची भाषा खटकते, असे कुणी म्हटले की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. ‘कृपया’ वाढवतात, वर ‘आदरणीय’ लिहितात, खाली हात जोडल्याचे चित्र टाकतात. भाषा गोड झाली म्हणजे मान राखला गेला, असा हा समज आहे आणि तो फार उथळ आहे. सूचनेतला अपमान कठोर शब्दांत क्वचितच असतो. वाचणाऱ्याला कारण न सांगणे, त्याच्या वतीने कुणी निर्णय घेतला हे लपवणे आणि त्याला पर्यायच न ठेवणे, इथे तो असतो. शब्द कितीही मऊ केले तरी या तीन गोष्टी तशाच राहतात; उलट मऊपणामुळे त्यांच्यावर बोट ठेवणे अवघड होते. म्हणून माझे म्हणणे असे की सूचना खऱ्या अर्थाने पुन्हा लिहायची तर तिच्यामागचा नियम पुन्हा तपासावा लागतो. नियम टिकला तरच सूचना टिकते.

हैदराबादचे उदाहरण मुद्दाम घेतो. या शहराच्या कडेला, रिंग रोडच्या आसपास, निवृत्तांसाठीच्या वसाहती आणि निवास वाढत गेले आहेत. तिथे राहणाऱ्यांत सुलतान बाजार, काचीगुडा, जामबाग भागांत आयुष्य काढलेली मराठी माणसेही आहेत. कुणी १९०७ साली सुरू झालेल्या विवेकवर्धिनीत शिकलेले, कुणी बँकेत वा सरकारी खात्यात नोकरी केलेले. मुले बहुधा दूर, काहींची परदेशात. निवासाचे ऑफिस आणि ही मुले यांच्यात व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो. त्या ग्रुपमध्ये आईवडील बहुधा नसतात. सूचनेची भाषा बिघडते ती इथपासूनच.

एक नमुना

खालची सूचना कोणत्याही एका संस्थेची नाही. अशा सूचनांचा साचा ठरलेला असतो, त्यावरून ती मी बेतली आहे.

*आदरणीय आजी-आजोबांनो, एक प्रेमळ विनंती! आपल्या सर्वांच्या सुरक्षिततेसाठी सोमवारपासून संध्याकाळी ७ नंतर गेट बंद राहील. या वयात अंधारात बाहेर पडणे धोक्याचे असते, हे आपण जाणताच. अगदीच आवश्यक असल्यास मुलांकडून ऑफिसला फोन किंवा मेसेज करवून घ्यावा. काही जण वारंवार सांगूनही ऐकत नाहीत, त्यांनी कृपया सहकार्य करावे. आपली काळजी आम्हाला आहेच! – व्यवस्थापन*

यात एकही अपशब्द नाही. ‘आदरणीय’ आहे, ‘विनंती’ आहे, ‘कृपया’ आहे, ‘आपण’ आहे. तेलुगूत नावानंतर ‘गारू’ लावून जसा हुकूम सोडता येतो, तसाच मराठीत ‘आपण’ म्हणूनही सोडता येतो. आता एकेक वाक्य पाहू.

पहिली पायरी : कोणाला उद्देशून लिहिले आहे?

‘आजी-आजोबा’ हे नाते आहे आणि नाते दोन्हीकडून मान्य असावे लागते. रोज चहा आणून देणारी मुलगी एखाद्या बाईंना ‘आजी’ म्हणते आणि त्यांना ते आवडते, तर तो त्या दोघींचा प्रश्न. ऑफिसने छापील कागदावर साऱ्यांना एकदम आजी-आजोबा करणे ही वेगळी गोष्ट आहे. वाचणाऱ्यांत अविवाहित राहिलेल्या बाई असतात, मूल नसलेले जोडपे असते, नातवंडांशी संबंध तुटलेले गृहस्थ असतात. नुकतीच साठी ओलांडलेली व्यक्ती असते आणि नव्वदी गाठलेलीही असते. दर महिन्याचे बिल मात्र ‘आजीं’च्या नावाने येत नाही, त्यावर पूर्ण नाव आणि खोली क्रमांक असतो. पैसे मागताना जो माणूस ग्राहक असतो, तो नियम सांगताना नातेवाईक कसा होतो? कारण नातेवाइकाला कारण द्यावे लागत नाही. घरातल्या मोठ्या मुलाने ‘आई, तू जाऊ नकोस’ म्हटले की चर्चा संपते. ऑफिसला तीच सोय हवी असते.

सूचनेला संबोधनाची गरज बहुधा नसतेच. वर विषय लिहावा : ‘रात्रीच्या गेटविषयी’. फारच कोरडे वाटले तर ‘सर्व रहिवाशांसाठी’ पुरते.

दुसरी पायरी : खरे कारण कोणते?

‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ हे कोणत्याही नियमाला चिकटवता येणारे लेबल आहे. गच्ची बंद करायची असेल, बाल्कनीत कुंड्या ठेवू द्यायच्या नसतील, जेवण खोलीत आणून देणे थांबवायचे असेल, तरी हेच लेबल चालते. असे लेबल दिसले की ऑफिसात जाऊन विचारावे : गेल्या महिन्यापर्यंत गेट रात्री दहाला बंद व्हायचे, मग आताच काय बदलले? उत्तर बहुधा वयाशी संबंधित नसते. आपल्या नमुन्यातली परिस्थिती अशी समजा : रात्रपाळीचे दोन रक्षक होते, त्यातल्या एकाने काम सोडले. उरलेला एकटा आवारात फेरी मारायला गेला की गेटवर कुणी नसते. शिवाय बसस्टॉपपासून गेटपर्यंतच्या रस्त्यावर दिवे नाहीत.

म्हणजे अडचण संस्थेची आणि रस्त्याची आहे. सूचनेने ती उचलून वाचणाऱ्याच्या वयावर ठेवली. ‘या वयात’ हे दोन शब्द ते काम करतात. अंधाऱ्या रस्त्यावर चाळिशीतला माणूसही ठेचकाळतो. त्याला मात्र कुणी घरात बसायला सांगत नाही, तो नगरसेवकाकडे दिव्याची मागणी करतो. इथे दिव्याची मागणी सूचनेतून गायब झाली आणि पाय अडकवण्याचा उपाय आला.

सार्वजनिक खात्यांची भाषा आपण रुक्ष म्हणून हिणवतो, पण या बाबतीत ती पुष्कळ बरी. हैदराबादचे जलमंडळ पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते तेव्हा कोणती लाइन, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कोणत्या भागात, एवढेच सांगते. त्यात प्रेम नसते आणि उपदेशही नसतो. वाचणारा नागरिक आहे, त्याला माहिती दिली की पाणी किती भरून ठेवायचे ते तो ठरवेल, हे त्यात गृहीत असते. तीच बातमी निवासाच्या फलकावर येते तेव्हा पुष्कळदा ‘आजी-आजोबांनी पाणी जपून वापरावे’ एवढीच उरते आणि वेळा ऑफिसच्या वहीत राहतात. निवासात सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी जो नागरिक होता, त्याला दुसऱ्या दिवशी वेळ का कळू नये?

तिसरी पायरी : परवानगी कोणाची?

नमुन्यातले सर्वांत वाईट वाक्य मुलांकडून मेसेज करवून घेण्याचे आहे, आणि ते सहज वाचले जाते म्हणून अधिक वाईट. ७८ वर्षांच्या बाईंनी सुलतान बाजारात कार्यक्रमाला जायचे की नाही, हे अमेरिकेत त्या वेळी झोपलेल्या मुलाने ठरवायचे.

याला कायद्याचा कसलाही आधार नाही. १८७२ च्या करार कायद्यात करार करण्याच्या पात्रतेसाठी सज्ञान आणि सुबुद्ध असणे अशा अटी आहेत. वयाची वरची मर्यादा कुठेही नाही. सत्तरी झाली म्हणून माणसाच्या सहीची किंमत कमी होत नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यात साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक मानली आहे, पण त्या व्याख्येने मुलांवर जबाबदारी येते, आईवडिलांवर ताबा येत नाही. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ साली निवृत्ती निवासांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही बांधकाम करणारा, सेवा देणारा आणि घर घेणारा यांच्यात त्रिपक्षी कराराची कल्पना आहे. निवासात राहणारी व्यक्ती कराराची पक्ष असते. पक्षाने बाहेर जाण्यासाठी तिसऱ्याची चिठ्ठी आणायची, हे शाळेत चालते.

‘काही जण वारंवार सांगूनही ऐकत नाहीत’ हे वाक्यही त्याच शाळेतले. ते काही जण कोण, हे त्या जेवणघरात सगळ्यांना ठाऊक असते. एखाद्याशी बोलायचे असेल तर त्याच्या खोलीत जाऊन, बसून बोलावे. फलकावर टोमणा मारणे म्हणजे चारचौघांत कान धरणे.

पुन्हा लिहिलेली सूचना

आता तीच सूचना तथ्यांवरून उभी करू. लिहिताना पाच गोष्टी पक्क्या हव्यात : काय बदलते, केव्हापासून केव्हापर्यंत, का, मला काय करता येईल, आणि पटले नाही तर कुणाशी बोलू.

*रात्री ८ नंतर गेटवर एकच रक्षक*

*सोमवार, ३ नोव्हेंबरपासून रात्री ८ ते सकाळी ६ या वेळात गेटवर दोनऐवजी एकच रक्षक असेल. दुसऱ्या रक्षकाने काम सोडले आहे. ३० नोव्हेंबरपर्यंत नवीन नेमणूक करायची आहे. तोवर ही व्यवस्था राहील.*

*रक्षक आवारात फेरीवर असताना गेटला कुलूप असेल. ८ नंतर परत येणार असाल तर गेटवरच्या वहीत किंवा ऑफिसला फोन करून अंदाजे वेळ कळवा. त्या वेळी रक्षक गेटपाशी थांबेल. कळवले नसेल तरी गेट उघडले जाईल, मात्र फेरी संपेपर्यंत १५ मिनिटे थांबावे लागू शकते. गेटबाहेर बाक आणि दिवा ठेवला आहे.*

*बसस्टॉपपासूनच्या रस्त्यावर दिवे नाहीत. महापालिकेकडे तक्रार केली आहे. टॉर्च रिसेप्शनवर मिळतील.*

*या व्यवस्थेबद्दल शनिवार, १ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता जेवणघरात बोलू. त्या वेळी येता येत नसेल तर ऑफिसात किंवा फोनवर सांगा. – (नाव), व्यवस्थापक; (फोन)*

फरक कुठे पडला ते पाहा. ‘कृपया’ एकदाही आलेले नाही, तरी सूचना कुणाला उद्धट वाटणार नाही. सातचे आठ झाले, कारण रक्षकाची अडचण आठपासूनच होती. सात हा आकडा ‘अंधार’ या शब्दातून आला होता. हैदराबादेत नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि जूनमध्ये जवळजवळ सातला, म्हणजे अंधाराचा नियम खरोखरच अंधारासाठी असता तर तो वर्षभर एकाच घड्याळाला बांधता आला नसता. गेट ‘बंद’ राहण्याऐवजी पंधरा मिनिटांची गैरसोय उरली. मुलांचा मेसेज नाहीसा झाला, कारण रक्षकाला परत येण्याची वेळ हवी होती, परवानगी नको होती. महापालिकेकडची तक्रार लिहायची तर ती आधी करावी लागली. बैठक नियम लागू होण्याच्या आधी ठेवली. नंतर ठेवली असती तर ती नुसती माहितीसभा झाली असती.

शब्द बदलायला बसलो आणि नियमच आकसला. कारण कागदावर उतरले की नियम कारणाएवढाच राहतो. आणि एखादी सूचना कितीही प्रयत्न करून कारणासह लिहिता येत नसेल, तर तो नियम फलकावर लावण्याच्या लायकीचा नाही, असे बेधडक समजावे.

‘व्यवस्थापन’ या सहीबद्दलही एक शब्द. ज्या कागदावर माणसाचे नाव नाही, त्या कागदाशी वाद घालता येत नाही. पुष्कळ ठिकाणी हे मुद्दाम होत नसेल, पण परिणाम तोच.

कसोटी

लिहिलेली सूचना तपासायला एक सोपी परीक्षा आहे. हीच सूचना माधापूर किंवा गच्चीबावलीच्या एखाद्या सोसायटीत, आयटीत काम करणाऱ्या चाळिशीतल्या लोकांसाठी, जशीच्या तशी लावून चालेल का? पहिला नमुना तिथे लावला तर तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटेल. दुसरा लावला तर लोक वाचून पुढे जातील. वयामुळे जे वाक्य बदलावे लागते, त्या वाक्यापाशी थांबून वयाचा खरोखर संबंध आहे का ते विचारावे.

काही ठिकाणी तो असतो, आणि तो अक्षरात असतो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, निळ्या-हिरव्या रंगांतला भेद कमी कळतो, प्रकाश जास्त लागतो. म्हणून कागद पांढरा आणि अक्षर काळे हवे. देवनागरीत १८ पॉइंटपेक्षा लहान नको आणि ओळींत मोकळी जागा हवी, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. चकचकीत लॅमिनेशन ट्यूबलाइटखाली आरशासारखे चमकते, वाचता येत नाही. फलक चाकाच्या खुर्चीतून दिसेल इतका खाली हवा. मोठे अक्षर कुणाचा अपमान करत नाही. मोठ्या अक्षरात लहान मुलाशी बोलल्यासारखा मजकूर करतो.

हैदराबादेत भाषेचाही प्रश्न येतो. फलकावर इंग्रजी आणि तेलुगू असते, कधी हिंदी. इंग्रजी मजकुरात कारण आणि वेळ द्यायची आणि इतर भाषांत नुसती आज्ञा, असे झाले की कोणाला माहितीच्या लायकीचे समजले ते उघड होते. जितक्या भाषांत लावाल तितक्यांत मजकूर सारखा, अक्षर सारखे आणि दिवस तोच हवा. मराठी रहिवाशांना कोणती भाषा सोयीची ते आधी विचारावे. इथे जन्म गेलेली मराठी माणसे तेलुगू आणि दख्खनी सहज बोलतात, पण बोलणे आणि वाचणे वेगळे.

आक्षेप

*‘आमचा हेतू प्रेमाचाच असतो.’* असेलही. पण वाचणाऱ्यापर्यंत हेतू पोचत नाही, मजकूर पोचतो. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला. दोन मजल्यांवरच्या रहिवाशांपुढे व्यवस्थापकाने दोन वेगळी भाषणे केली. एका मजल्याला सांगितले की खोलीची मांडणी, वेळ कसा घालवायचा, हे तुम्ही ठरवा. रोप हवे असेल तर निवडा आणि सांभाळा. दुसऱ्या मजल्याला सांगितले की तुम्ही सुखात राहावे ही आमची जबाबदारी आहे. रोप दिले आणि पाणी परिचारिका घालतील म्हणाले. दोन्ही भाषणे प्रेमळ होती आणि सोयी जवळपास सारख्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरचे लोक अधिक उत्साही, अधिक हिंडते-फिरते आढळले. प्रयोग लहान होता, आणि पुढे मृत्युदराबद्दल काढलेल्या निष्कर्षाच्या आकडेमोडीत लेखिकांना दुरुस्ती द्यावी लागली, म्हणून त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण प्रेम दोन्हीकडे असूनही निर्णय कुणाकडे ठेवला याने फरक पडतो, एवढे तो दाखवतो.

*‘स्मृतिभ्रंश झालेल्यांचे काय? त्यांना असेच बोलावे लागते.’* हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. पण पुरावा उलट दिशेचा आहे. क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅन्सस विद्यापीठातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिमेन्शिया असलेल्या २० जणांची शुश्रूषा चित्रित करून तपासली. कर्मचारी बाळबोध लाडिक सुरात बोलले की रुग्णाने मदत झिडकारण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के होती. साध्या प्रौढ बोलण्यानंतर ती सुमारे २६ टक्के. हा अभ्यास तोंडी बोलण्याचा आहे, सूचनांचा नाही. तरी ‘त्यांना लाडिकपणाच कळतो’ हा समज त्याने मोडतो. शिवाय ज्याला गेटवरून परतीचा रस्ता आठवत नाही, त्याचे रक्षण फलकावरच्या कागदाने होणार नाही. त्याच्यासाठी त्याच्यापुरती व्यवस्था हवी, सोबत माणूस हवा. दोघांसाठी लागणारी व्यवस्था पन्नास जणांवर लादणे सोपे असते, म्हणून ती लादली जाते.

*‘काही झाले तर जबाबदार आम्ही.’* ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. रात्री कुणी पडले तर मुलगा पहिला फोन ऑफिसलाच करतो. पण या भीतीला उत्तर वही, टॉर्च, दिवा आणि दुसरा रक्षक हे आहे. कारणासह, तारखेसह आणि नावानिशी लिहिलेली सूचना संस्थेने धोका ओळखून काय केले याची नोंदही ठेवते. ‘आपली काळजी आम्हाला आहेच’ हे वाक्य कसलीच नोंद ठेवत नाही.

*‘एवढी लांब सूचना कोण वाचेल?’* दुसरी सूचना पहिलीपेक्षा मोठी आहे, हे खरे. पण लोक लांबीला कंटाळत नाहीत, उपदेशाला कंटाळतात. जिच्यात आपल्या उपयोगाची वेळ आणि फोन नंबर आहे, ती सूचना माणसे थांबून वाचतात, वहीत उतरवून घेतात.

करण्यासारखे

संस्थांनी एकच पद्धत पाडली तरी बरेच साधेल : फलकावर जाण्याआधी मसुदा दोन रहिवाशांनी वाचावा, आणि ‘हे का?’ असे त्यांनी जिथे विचारले तिथे उत्तर मजकुरात यावे. बहुतेक निवासांत आयुष्यभर नोटिंग लिहिलेले एखादे निवृत्त अधिकारी किंवा निबंध तपासलेल्या एखाद्या शिक्षिका असतातच. त्यांच्यापुढे ‘आपल्या सुरक्षिततेसाठी’ टिकत नाही.

आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आईवडील अशा निवासात आहेत, त्यांच्याकडे एक मागणे आहे. ऑफिसकडून ‘आईंना संध्याकाळी बाहेर जाऊ द्यायचे का?’ असा मेसेज आला, तर हो किंवा नाही असे उत्तर देऊ नका. ‘तिलाच विचारा’ असे लिहा, आणि त्या ग्रुपमध्ये तिचा नंबर घालायला सांगा.